शिखर पाहून शैली ओळखणे: मंदिरवास्तूच्या युनिटचा सारांश, प्रकल्प नोंदी

१२ जून, नेरूळ

वास्तुकलेच्या इतिहासातल्या मंदिरांच्या युनिटचं दोन पानांत सार काढायचं आहे. आवाका गुप्तकाळापासून तेराव्या शतकापर्यंतचा. परीक्षेत दोन प्रकारे विचारतात. एकात नाव नसलेलं रेषाचित्र देतात आणि शैली, अंदाजे काळ व बाणांनी दाखवलेली तीन वैशिष्ट्यं मागतात. दुसऱ्यात शैलीचं नाव देतात आणि पटकन एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं उभं चित्र, काढायला सांगतात.

हाताशी असलेल्या सगळ्या नोट्स राजवंशांच्या क्रमाने आहेत: गुप्त, चालुक्य, पल्लव, राष्ट्रकूट, चोळ, चंदेल, परमार, शिलाहार, यादव, होयसळ. वाचायला हा क्रम सोयीचा आहे, पण चित्र ओळखताना त्याचा उपयोग होत नाही, कारण रेषाचित्रात राजवंश दिसत नाही. त्यातून मुलांचा एक पक्का गैरसमज होतो की एक शैली संपली आणि मग दुसरी सुरू झाली. पट्टदकल पाहिलं की तो गैरसमज टिकत नाही. आठव्या शतकात, एकाच गावात, गळगनाथाचं उत्तरेकडच्या नागर शैलीचं शिखर आणि विरूपाक्षाचं दक्षिणेकडच्या द्राविड शैलीचं विमान, म्हणजे गर्भगृहावरचा मनोरा, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभं राहिलं. पापनाथ मंदिरात तर मंडपावर द्राविड धाटणीची कूट-शालांची, म्हणजे छोट्या देवळांची, रांग आहे आणि गर्भगृहावर नागर शिखर. काळ ठरवून शैली सांगायला जाल तर पट्टदकलच्या कुठल्याही चित्रावर चुकाल.

म्हणून क्रम उलटा ठेवायचं ठरलं. आधी शिखराची बाह्यरेषा, मग कोपऱ्यावर काय आहे ते, मग मधली पट्टी, मग माथा, मग प्लॅन. काळ सगळ्यात शेवटी. पहिल्या पानावर चारच आकार राहतील: लतिन, शेखरी, भूमिज आणि द्राविड. बाकी सगळं या चारांच्या आधाराने सांगता येतं.

१५ जून

लतिन शिखरापासून सुरुवात, कारण उत्तरेकडची बाकीची दोन्ही शिखरं यातूनच समजतात. लतिन म्हणजे एकसंध, एकाच वक्रात वर जाणारं शिखर. चारी बाजूंना मधोमध लतेची पट्टी, तिच्यावर गवाक्षांची बारीक जाळी. कोपऱ्याच्या पट्टीवर ठरावीक अंतराने चपटे, कडेला खाचा असलेले तुकडे येतात. ते भूमी-आमलक. प्रत्येक आमलक एक भूमी संपल्याची खूण असते. वर खांदा, म्हणजे स्कंध. त्यावर आखूड मान, मग आवळ्यासारखा खाचांचा मोठा आमलक, मग कलश.

चित्र ओळखताना कोपऱ्यावरचे आमलक ही सर्वांत भरवशाची खूण आहे. जाळी झेरॉक्समध्ये काळी होऊन जाते, मूर्ती ओळखू येत नाहीत, पण कोपऱ्यावरच्या त्या आडव्या गाठी लहान चित्रातही उमटतात.

काढताना मात्र सगळ्यांची अडचण वक्ररेषेपाशी होते. बहुतेक चित्रांत शिखर एकतर त्रिकोणी होतं किंवा मध्येच फुगतं. यावर एक सोपा हिशेब बसवला आहे. शिल्पग्रंथांत पायाची रुंदी दहा भाग धरली तर खांद्याची सहा भाग सांगतात. उंची पायाच्या सव्वापट धरली आणि बाजूची रेषा पायाच्या चौपट त्रिज्येच्या कंसाने काढली, तर ती खांद्याला बरोबर सहा भागांवर जाऊन पोचते. परीक्षेच्या कागदावर पाया ८ सेंटिमीटर घ्यायचा. मग उंची १० सेंटिमीटर, खांदा ४.८ आणि त्रिज्या ३२ सेंटिमीटर होते. एवढा उघडणारा कंपास कोणाच्याच पेटीत नसतो, म्हणून कंसाऐवजी चार खुणा करायच्या. पायाच्या टोकावर उभी रेषा काढायची आणि तिच्यापासून आत सरकायचं: २.५ सेंटिमीटर उंचीवर १ मिलिमीटर, ५ वर ४, ७.५ वर ९ आणि १० वर १६ मिलिमीटर. एक, चार, नऊ, सोळा हे वर्गांक असल्यामुळे पाठ करावे लागत नाहीत. या चार खुणांतून हाताने रेषा ओढली की वक्र आपोआप येतो. खालचा अर्धा भाग जवळजवळ सरळ राहतो आणि कल वरच्या अर्ध्यात दिसतो.

या हिशेबाची मर्यादाही पानावरच लिहायची. पाया बदलला तर चारही आकडे त्याच प्रमाणात बदलतात, म्हणजे ४ सेंटिमीटरच्या पायाला अर्धा, दोन, साडेचार आणि आठ मिलिमीटर. आणि हे रेखाटनासाठीचं सर्वसाधारण प्रमाण आहे. प्रत्येक मंदिर यात बसेल असं नाही.

मधली लताही याच प्रमाणात निमुळती होते. पायाशी २.४ सेंटिमीटर घेतली तर खांद्याशी साधारण १.४ राहायला हवी. ती दोन समांतर रेषांनी काढली की शिखरावर वरून पट्टी चिकटवल्यासारखी दिसते, आणि बाकी सगळं बरोबर असूनही चित्र फसतं.

१९ जून

ओडिशाचं रेखा देऊळ लतिनच्याच घरातलं, पण वरचं प्रमाण त्याला चालत नाही. लिंगराज मंदिर, भुवनेश्वर, अकरावं शतक: बाजूची रेषा बराच वेळ जवळजवळ सरळ चढते आणि माथ्याजवळ एकदम आत वळते. चित्रात खांदा गोलसर आणि जड दिसला, खालचा मोठा भाग उभा दिसला, की ओडिशा. नोट्समध्ये याला वेगळा रकाना द्यायचा नाही. लतिनच्या रकान्यातच एक छोटी आकृती आणि तिच्यापुढे एक ओळ पुरे.

कोणार्कचा मात्र स्वतंत्र उल्लेख करावा लागणार. मुख्य शिखर पडलेलं आहे आणि उभा आहे तो समोरचा जगमोहन, म्हणजे मंडप, १२५० च्या आसपासचा, नरसिंहदेव पहिला याच्या काळचा. त्याचं छप्पर आडव्या थरांचं, पिरॅमिडसारखं आहे. आडव्या रेषा दिसल्या की मुलं सरसकट ‘द्राविड’ लिहितात. फरक असा की जगमोहनाचे थर साधे, एकावर एक रचलेले पट्टे आहेत. प्रत्येक थरावर छोट्या देवळांची रांग नाही. द्राविडात ती रांग हवीच. या साध्या थरांच्या छपराला फांसना म्हणतात, ओडिशात पीढा.

शेखरीकडे वळलो. नमुना खजुराहोचा कंदारिया महादेव, साधारण १०३०. मधलं मुख्य शिखर म्हणजे मूलशृंग. त्याच्या चारी अंगांना अर्धवट रुतलेली छोटी शिखरं ही उरुशृंगं, आणि कोपऱ्यांवर आणखी लहान शृंगं. या मंदिरावर अशी ८४ शृंगं असल्याचं सांगतात. परीक्षेत ती मोजायची नसतात. पाहायचं एवढंच की आमलक किती वेगवेगळ्या उंचींवर आहेत. लतिन शिखरात पूर्ण आमलक आणि कलश एकदाच, माथ्यावर येतात. शेखरीत ते पायरीपायरीने चढत जातात. बाह्यरेषाही अखंड राहत नाही, खांदे फुटत फुटत वर जाते.

काढताना होणारी चूक अशी की आधी मोठं शिखर पूर्ण काढतात आणि त्यावर छोटी शिखरं चिकटवतात. मग रेषा एकमेकींतून आरपार दिसतात आणि खोडण्यातच वेळ जातो. पुढून मागे काढायचं. सर्वांत पुढचं, सर्वांत ठेंगणं उरुशृंग आधी पूर्ण, मग त्याच्या मागचं फक्त जेवढं दिसतं तेवढं, मग मूलशृंगाचा वरचा भाग. एका बाजूला दोन उरुशृंगं आणि एक कोपऱ्याचं शृंग एवढं दाखवलं तरी शैली निर्विवाद होते. मोजक्या वेळात याहून जास्त काढायला जाऊ नये.

२४ जून

भूमिज. महाराष्ट्रातल्या मुलांना हा आकार सर्वांत चांगला यायला हवा, कारण तो इथलाच आहे. आणि परीक्षेत तोच सर्वाधिक चुकतो.

भूमिज शिखरात चार दिशांना चार लता पायापासून खांद्यापर्यंत अखंड जातात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या उभ्या आणि आडव्या ओळी असतात. प्रत्येक छोटं शिखर एका आखूड स्तंभावर बसलेलं असतं, म्हणून त्याला कूटस्तंभ म्हणतात. आडव्या ओळी म्हणजे भूमी. त्या पाच, सात किंवा नऊ असतात आणि वर जाताना आखूड होतात. प्रत्येक लतेच्या बुडाशी नालाच्या आकाराची मोठी कमान, शूरसेनक. त्यात बहुधा देवमूर्ती.

गोंधळ दोन बाजूंनी होतो. शेखरीतही छोटी शिखरं आहेत, द्राविडातही आहेत. एलिव्हेशन पाहून वेगळं कसं करायचं ते दोन प्रश्नांत बसवलं.

पहिला प्रश्न: छोटी शिखरं एकमेकांना झाकतात का? शेखरीत झाकतात, शिवाय मधली मोठी आणि कडेची लहान असतात. भूमिजात एका आडव्या ओळीतली सगळी कूटं एकाच उंचीची. कोणी कोणाच्या पुढे येत नाही. पट्टी लावून पाहिलं तर एका ओळीतले सगळे माथे एका आडव्या रेषेवर येतात.

दुसरा प्रश्न: मधली पट्टी अखंड आहे का? भूमिजात लता कुठेही तुटत नाही. द्राविडात प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांबट छपराचं छोटं देऊळ, म्हणजे शाला, आडवी येते आणि मधली पट्टी मजल्यामजल्याला कापली जाते. चित्र कितीही बारीक असलं तरी हा फरक टिकतो, कारण एकीकडे नजर वर सरकते आणि दुसरीकडे ती दर थराला अडते.

काढण्याची पद्धतही ठरवली. बाह्यरेषा लतिनचीच, ८ बाय १० ची. पाच भूमी घ्यायच्या आणि त्यांच्या उंच्या खालून वर २.६, २.३, २.०, १.७ आणि १.४ सेंटिमीटर. बेरीज बरोबर १०. हे प्रमाण रेखाटनापुरतं आमचं आहे, ग्रंथातलं नाही, हेही पानावर लिहिलं आहे. मध्ये लता, दोन्ही बाजूंना प्रत्येक ओळीत दोन-दोन कूटं. सगळ्या भूमी सारख्या उंचीच्या काढल्या तर शिखर वरच्या बाजूला जड वाटतं आणि परीक्षकाला ते द्राविडाचे मजले भासू शकतात.

पूर्ण शिखर असलेले दोन नमुने घेतले: सिन्नरचं गोंदेश्वर आणि मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातलं उदयपूरचं उदयेश्वर. उदयेश्वर परमार राजा उदयादित्याने बांधलं, १०८० च्या सुमारास पूर्ण झालं. त्याच्या सात भूमी स्वच्छ मोजता येतात. गोंदेश्वर यादवकालीन, पंचायतन, म्हणजे मधल्या देवळाभोवती चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं.

२८ जून

द्राविड. इथे उभ्या रेषेपेक्षा आडवी रेषा वरचढ असते. विमान मजल्यामजल्याने आत सरकतं. प्रत्येक मजल्याच्या कडेला छोट्या देवळांची रांग असते, तिला हार म्हणतात. कोपऱ्यावर चौकोनी छपराचं कूट, मध्ये लांबट छपराची शाला. माथ्याशी मान आणि त्यावर घुमटासारखी टोपी. दक्षिणेत शिखर हा शब्द फक्त त्या टोपीसाठी वापरतात, म्हणून बाण काढताना संपूर्ण मनोऱ्याला ‘विमान’ आणि टोपीला ‘शिखर’ लिहायचं. हे उलटं लिहिल्याने गुण गेलेले तपासलेल्या पेपरांत दिसतात.

तंजावरचं बृहदीश्वर, १०१०, तेरा मजले, साठ मीटरहून उंच. टोपी अष्टकोनी. बाह्यरेषा जवळजवळ सरळ तिरकी. लतिनचा वक्र इथे अजिबात नाही. महाबळीपुरमचा धर्मराज रथ, सातवं शतक, हाच प्रकार लहान आणि सुट्या रूपात दाखवतो. काढायला शिकायचं असेल तर तंजावरपेक्षा तोच बरा, कारण मजले कमी आहेत आणि कूट व शाला मोठ्या आकारात दिसतात.

गोपुर आणि विमान यांतली गल्लतही नेहमीची. माथ्याशी लांबट, कलशांची रांग असलेलं छप्पर आणि खाली मधोमध आरपार दार असेल तर ते गोपुर. माथ्याशी एकच टोपी आणि एकच कलश असेल तर विमान. यापेक्षा जास्त इथे लिहायची गरज वाटली नाही.

५ जुलै, अंबरनाथ

ठाण्याहून बदलापूरच्या लोकलने अंबरनाथ, तिथून रिक्षाने वालधुनीच्या काठचं शिवमंदिर. भर पावसात काळा बेसॉल्ट ओला असल्यामुळे बारीक कोरीव काम फोटोत येत नव्हतं, पण मोठ्या रेषा चांगल्या दिसत होत्या. परीक्षेतल्या चित्रातही नेमक्या मोठ्या रेषाच हाती असतात, त्यामुळे काम अडलं नाही.

हे मंदिर सरावासाठी मुद्दाम निवडलं, कारण शिखराचा वरचा भाग नाही. माथा नाही म्हणजे आमलक नाही, कलश नाही, बाह्यरेषा अपुरी. असं चित्र आलं की मुलं कोरीव कामावरून अंदाज बांधू लागतात. त्यापेक्षा जे उरलं आहे ते क्रमाने वाचायचं.

पहिली पायरी, उरलेला शिखराचा भाग. बाजूच्या मधोमध जाळीची उभी पट्टी आहे आणि ती अखंड वर चढते. इथेच द्राविड बाद. पट्टीच्या दोन्ही बाजूंना छोटी कूटं ओळीने बसलेली आहेत, एकमेकांना झाकत नाहीत. शेखरीही बाद. कोपऱ्यावर नुसते चपटे आमलक नसून उभी कूटं आहेत, म्हणून लतिनही नाही. भूमिज ठरलं, आणि माथ्याची गरज पडली नाही.

दुसरी पायरी, सेक्शन, म्हणजे मंदिराचा उभा छेद. मंडपातून गर्भगृहात जाताना पायऱ्या वर न जाता खाली उतरतात, साधारण वीसेक. गर्भगृहाची जमीन मंडपाच्या जमिनीपेक्षा बरीच खाली आहे आणि वर आकाश उघडं आहे. सेक्शन दिलं असेल तर ही एक गोष्ट मंदिराचं नाव सांगायला पुरेशी आहे. सेक्शनमध्ये मंडपाच्या छताचे सांधेही पाहायचे. दगडाचे थर आडवे, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला. सांधे आडवे म्हणजे कदलीकरणाचं छत. खऱ्या घुमटात सांधे केंद्राकडे रोखलेले असतात. मुलं सवयीने इथे केंद्राकडे जाणारे सांधे काढतात आणि अकराव्या शतकाच्या मंदिरात सुलतानी घुमट येऊन बसतो.

तिसरी पायरी, प्लॅन. गर्भगृह आणि मंडप यांच्या भिंतींची बाहेरची रेषा सारखी आत-बाहेर होते, सरळ भिंत फारशी सापडत नाही. मंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप. ही रेषा काढताना बाहेर आलेला प्रत्येक कोपरा शिखरावर एका उभ्या ओळीत वर जातो, हे लक्षात ठेवून प्लॅन आणि एलिव्हेशन एकाखाली एक काढायचं. प्लॅनमधल्या कोपऱ्यांवरून उभ्या रेषा वर ओढल्या की कूटांच्या ओळी आपोआप जागेवर येतात. वेगवेगळ्या कागदांवर काढलं की ओळी जुळत नाहीत.

काळ शेवटी. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळचा, मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला. उदयेश्वराशी ताडून पाहिलं तर दोन्ही जवळजवळ समकालीन, एक माळव्यात आणि एक कोकणात. भूमिजासाठी ‘अकरावं शतक, माळवा ते महाराष्ट्र’ ही ओळ इथून पक्की केली.

८ जुलै

हेमाडपंतीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. मुलं काळा दगड दिसला की हेमाडपंती लिहितात, आणि अंबरनाथलाही लिहितात. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी होता, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. त्यामुळे हे नाव तिथे लावता येत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. हेमाडपंती हे शिखराच्या आकाराचं नाव नाही. चुना न वापरता, घडवलेले दगड एकमेकांत बसवून बांधण्याच्या पद्धतीला लोक ते नाव लावतात. तसं बांधकाम असलेल्या मंदिरावर भूमिज शिखर असू शकतं, फांसना असू शकतं.

ठरलं असं: हेमाडपंती आकारांच्या पानावर नाही. ते दुसऱ्या पानावर ‘बांधकाम पद्धत’ या शीर्षकाखाली येईल. प्रश्नात शिखराची शैली विचारली असेल तर उत्तर भूमिज, लतिन असं लिहायचं आणि बांधकाम विचारलं असेल तर सुके सांधे दाखवायचे. चित्रात सांधेच दाखवले नसतील तर हेमाडपंती लिहिण्याला आधारच उरत नाही.

तारकाकृती प्लॅनचाही निकाल लावला. चौकोन एकाच मध्यबिंदूभोवती फिरवत गेलं की बाह्यरेषेला टोकं येतात. होयसळांच्या सोमनाथपूरला, १२५८, असे तारकाकृती गाभारे आहेत, एका मंडपाला तीन. पण उदयेश्वराचा प्लॅनही तारकाकृती आहे. नुसता तारा पाहून होयसळ लिहिलं तर चूक होऊ शकते. भूमिजात चार दिशांच्या लता ज्या भद्रांवर, म्हणजे मधल्या पुढे आलेल्या बाजूंवर, उभ्या असतात ती भद्रं फिरवलेली नसतात. ती चौकोनाला सरळ राहतात आणि फिरलेले कोपरे त्यांच्या मध्ये येतात. चित्रात चार दिशांना चार सरळ, रुंद बाजू आणि मध्ये तिरके कोपरे असतील तर आधी भूमिज पडताळायचं. होयसळाची खात्री उंच, प्लॅनच्याच आकाराच्या जगतीवरून, म्हणजे चौथऱ्यावरून, आणि लेथवर फिरवल्यासारख्या गोल खांबांवरून होते. बेलूरच्या (१११७) मुख्य मंदिरावर आज शिखर नाही, त्यामुळे तिथे या दोनच खुणांवर भिस्त ठेवावी लागते.

१२ जुलै

काळाचा रकाना. शंभर सनावळ्या लिहून उपयोग नाही. दिलेलं चित्र कोणत्या सनाच्या जवळचं आहे ते सांगता येईल इतकेच आधार ठेवले: देवगढचं गुप्तकालीन मंदिर, साधारण ५००. पट्टदकलचं विरूपाक्ष, ७४० च्या आसपास. तंजावर १०१०. कंदारिया साधारण १०३०. अंबरनाथ १०६०. उदयेश्वर १०८०. कोणार्क साधारण १२५०. सोमनाथपूर १२५८. या आठांपैकी चार एकाच शतकातले आहेत हे मुद्दाम तसंच ठेवलं आहे. अकराव्या शतकात द्राविड, शेखरी आणि भूमिज तिन्ही एकाच वेळी भरात होते, आणि आडव्या रेषेवर ही चार नावं एकमेकांना चिकटलेली दिसली की काळावरून शैली ठरवण्याची सवय सुटते.

उत्तरात नेमकी सन माहीत नसेल तर शतक लिहावं. ‘अकरावं शतक’ बरोबर असेल तर पुरतं. अंदाजाने लिहिलेली चुकीची सन शैलीच्या बरोबर उत्तरालाही संशयात पाडते.

आकृत्यांची चाचणीही आज केली. प्रश्नपत्रिकेत चित्र बोटभर उंचीचं छापतात आणि ते झेरॉक्सची झेरॉक्स असतं. म्हणून चारही आकृत्या स्टेशनबाहेरच्या दुकानात ४ सेंटिमीटर उंचीपर्यंत लहान करून, पुन्हा त्याची झेरॉक्स काढून पाहिल्या. लतेची जाळी करडी होऊन गेली, शूरसेनकातली मूर्ती नाहीशी झाली, शालेची लांबट छपरं एकमेकांत मिसळली. टिकल्या त्या तीन गोष्टी: बाह्यरेषा, मधली पट्टी अखंड की तुटलेली, आणि आमलक किती उंचींवर आहेत. पहिल्या पानावर या तीनच खुणा ठळक केल्या. जाळी, मूर्ती, खांबांची घडण दुसऱ्या पानावर गेली, कारण ती मोठ्या चित्रातच कामाला येते.

१६ जुलै

पानं छापायला दिली. पहिल्या पानावर चार आकृत्या एकाच पायावर, ८ सेंटिमीटर, शेजारी शेजारी. A3 कागद आडवा लागला. A4 वर पाया ४ वर आणावा लागतो आणि मग भूमिजाची कूटं काही मिलिमीटरांचीच होतात, पेन्सिलने नीट निघत नाहीत. प्रत्येक आकृतीखाली तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नाही.

बाणांची भाषाही ठरवून दिली. ‘सुंदर कोरीव काम’, ‘भव्य शिखर’ असं कुठेही लिहायचं नाही, ते कोणत्याही मंदिराला लागू पडतं. बाणापुढे भागाचं नाव आणि तो काय सिद्ध करतो ते: ‘अखंड लता, म्हणून मजले नाहीत’, ‘कूटं एका ओळीत, न झाकता, म्हणून भूमिज’, ‘उरुशृंग अर्धवट रुतलेलं, म्हणून शेखरी’. तीन बाणांतला निदान एक तरी बाण दुसऱ्या जवळच्या शैलीला बाद करणारा हवा. अंबरनाथच्या चित्रावर लता, कूटांची ओळ आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या हे तीन बाण घेतले तर शैली आणि मंदिर दोन्ही ठरतात.

पापनाथसारख्या मिश्र मंदिरांसाठी वेगळा नियम: मंडप आणि गर्भगृह यांची शैली वेगवेगळी लिहायची, दोन्ही भागांना स्वतंत्र बाण द्यायचे, सक्तीने एक नाव निवडायचं नाही. वेसर हा शब्द तिथे वापरायचा नाही. तो कर्नाटकातल्या उत्तरकालीन चालुक्य आणि होयसळ मंदिरांसाठी राखून ठेवला आहे, जिथे दोन्हींचा मेळ एकाच विमानात घातलेला दिसतो.

पुढच्या आठवड्यात मशिदी आणि मकबऱ्यांचं युनिट. त्यात कमानीचे सांधे सेक्शनमध्ये कसे काढायचे ते पहिल्याच पानावर घ्यायचं आहे, अंबरनाथच्या मंडपाचं छत समोर ठेवून.